समोरचा गप्प झाला, म्हणून कॉल करायचा का? पोकरमधल्या टेल कशा वापराव्यात

शनिवारी रात्री पार्ल्याला एका मित्राच्या घरी आमचा सात जणांचा होल्डेमचा डाव बसतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, त्यामुळे पैसे लावत नाही. प्रत्येकाला २,००० चिप्स मिळतात आणि वर्षभराचा तक्ता ठेवतो. तक्त्यातल्या जागेसाठी माणसं किती जीव टाकतात हे पाहिल्याशिवाय खरं वाटणार नाही. त्या टेबलावरचा एकच हात, म्हणजे पत्त्यांचं एकच वाटप, मी इथे उलगडणार आहे, कारण टेलबद्दल, म्हणजे समोरच्याच्या पत्त्यांचा सुगावा देणाऱ्या वागण्यातल्या खुणांबद्दल, मला जे काही कळलंय ते सगळं त्या हातात सापडतं.

आमच्यातले एक गृहस्थ डोंबिवलीहून येतात. सगळे त्यांना डोंबिवलीकरच म्हणतात. स्वभावाने बोलके, खेळायला मात्र सावध. रेज करून बेट क्वचित वाढवतात, समोरच्याएवढ्याच चिप्स घालून कॉल मात्र भरपूर करतात. त्या रात्री रिव्हरवर, म्हणजे पाचवा आणि शेवटचा सामाईक पत्ता उघडल्यावर, त्यांनी अचानक पॉटएवढी, म्हणजे मधे जमलेल्या चिप्सएवढी, बेट लावली आणि ते गप्प झाले. आतून मित्राच्या आईने विचारलं, "चहा ठेवू का हो?" एरवी ते लगेच म्हणतात, "अर्धा कप काकू, साखर कमी." या वेळी त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. माझ्या हातात मधल्या ताकदीचा हात होता. माणूस घाबरलाय, ब्लफ आहे, कॉल कर, असं मन ओरडत होतं.

त्या ओरडण्याला किती किंमत द्यायची, हे पुढे मोजून दाखवतो. पण आधी ते ओरडणं इतक्या वेळा चुकतं का, ते पाहू.

एकच शरीर, दोन कारणं

मोठी बेट लावली की छाती धडधडते. ब्लफ करताना धडधडते आणि फुल हाउस हातात असतानाही धडधडते. हात थरथरणं, गळ्याची शीर उडणं, श्वास वर अडकणं या सगळ्यामागे एकच उत्तेजना असते. ती भीतीची आहे की आनंदाची, हे शरीर वेगळं करून सांगत नाही. नवीन खेळाडूला वाटतं की हात थरथरले म्हणजे ब्लफ. जुने खेळाडू बहुतेक वेळा याच्या उलट धरतात. ब्लफ करणारा स्वतःला आवळून धरतो, त्यामुळे तो स्थिर दिसतो. मोठा हात लागलेल्याचा ताण सुटतो आणि मग थरथर बाहेर येते. तरीही हा नियम समजू नये. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या पॉटमध्ये असलेल्या माणसाचे हात काहीही असलं तरी थरथरतात. काहींचे तर एसीचा झोत थेट अंगावर येतो म्हणून थरथरतात. आमच्या टेबलावरच्या एकांचे हात वयोमानाने चहाचा कप धरतानाही हलतात.

मुंबईतलं एक कारण तर मी स्वतः दोन वर्षं चुकीचं वाचत होतो. साडेअकरानंतर काही जण पाय हलवायला लागतात, घाईघाईत बेट लावतात, फोनकडे बघतात. मी त्याला कमकुवत हाताची अस्वस्थता समजायचो. ती शेवटच्या लोकलची अस्वस्थता होती. हात कसाही असो, पाय हलणारच होता. जी खूण दोन्ही परिस्थितींत सारखीच दिसते, ती कितीही ठळक असली तरी तिच्यातून काहीच कळत नाही. टेल तपासताना हा एकच प्रश्न विचारावा: ब्लफ असताना ही खूण किती वेळा दिसते, आणि हात खरा असताना किती वेळा? दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर ती खूण सोडून द्या.

चेहऱ्याबाबत तर जास्तच जपावं. माणूस खोटं बोलतोय का, हे नुसतं पाहून-ऐकून ओळखण्याच्या दोनशेहून अधिक अभ्यासलेखांचा एकत्र आढावा बॉन्ड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये घेतला. सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. पुढे २०१३ मध्ये स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि खेळाडूचा हात किती चांगला आहे याचा अंदाज करायला सांगितलं. नुसता चेहरा पाहणाऱ्यांची दिशाभूल झाली. नुसते चिप्स पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र थोडे बरोबर आले. अशा थोड्या प्रयोगांवरून टेबलावर पैज लावू नये. पण चेहरा हा माणूस सर्वांत जास्त सांभाळतो आणि चिप्स ढकलणाऱ्या हाताकडे त्याचं लक्ष कमी असतं, हे माझ्या अनुभवाशी जुळतं.

पहिली पायरी: एक माणूस निवडा, त्याचं रोजचं वागणं पाहा

टेबलावर बसल्या बसल्या सगळ्यांना वाचायला जाऊ नका. सहा जणांकडे लक्ष द्यायला गेलात तर एकाचंही काही कळत नाही. तुमच्या डावीकडचा एक आणि ज्याच्याशी तुमचे मोठे पॉट वारंवार होतात असा एक, एवढे दोघे पुरे. पहिला तासभर त्यांना पत्ते फेकून बसलेले असताना आणि छोट्या पॉटमध्ये असताना पाहा. ते किती बोलतात, चिप्स कशा ठेवतात, बेट लावायला किती वेळ घेतात, बेट लावल्यावर कुठे बघतात? हा त्यांचा रोजचा ताल. पुढे मोठ्या पॉटमध्ये काही वेगळं दिसलं तर ते या तालाच्या तुलनेत वेगळं असावं लागतं. मुळातच अबोल असलेला माणूस गप्प बसला तर त्यात खबर काहीच नाही. डोंबिवलीकर गप्प बसले ही खबर होती, कारण ते गप्प बसत नाहीत.

हा ताल जागेबरोबरही बदलतो. आमच्या घरगुती डावातला शांत माणूस गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर खरे पैसे समोर आले की दुसराच होतो. घरी जमवलेली नोंद तिथे जशीच्या तशी लावू नका. तिथे पुन्हा शून्यापासून पाहायला सुरुवात करा.

दुसरी पायरी: आधी अशा खुणा शिका ज्यांचं उत्तर लगेच मिळतं

बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. रिव्हरवरचा ब्लफ डोळ्यांत वाचायचा असतो त्यांना. पण त्या खुणेचं उत्तर फार क्वचित कळतं. एका रात्रीत एखादा तसा हात येतो, त्यातही पत्ते दिसतीलच असं नाही.

त्यापेक्षा फ्लॉपच्या, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याच्या, आधी तुमच्या डावीकडच्या माणसाकडे पाहा. त्याची पाळी तुमच्यानंतर असते. पत्ते पाहून झाल्यावर बरेच जण नकळत सांगून टाकतात. फेकायचे असतील तर पत्ते बोटांत उचलून तयार ठेवतात, खेळायचं असेल तर पत्ते खाली ठेवून त्यावर चिप ठेवतात किंवा डोळे क्षणभर चिप्सकडे जातात. इथे दोन फायदे आहेत. एक, त्या क्षणी तो अभिनय करत नसतो, कारण आपल्याकडे कुणी बघतंय असं त्याला वाटत नाही. दोन, तुमचा अंदाज बरोबर होता का हे दहा सेकंदांत कळतं आणि रात्रीत तीसेक वेळा कळतं. महिन्याभरात तुमच्याकडे शंभराहून जास्त तपासलेली उदाहरणं जमतात. डावीकडचे दोघे फेकणार हे वेळेत कळलं तर बटणाजवळ, म्हणजे शेवटी पाळी येणाऱ्या जागेजवळ, बसून तुम्ही थोड्या कमजोर हातानेही रेज करू शकता. हे डोळ्यांत डोळे घालून ब्लफ पकडण्याइतकं थरारक नाही. पण टेलमधून होणारा नियमित फायदा बहुतांशी इथेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी स्वतःला एक सवय लावावी लागते. पत्ते वाटले जात असताना आपले पत्ते लगेच पाहू नका. आधी डावीकडे पाहा, आणि आपली पाळी आली की मग आपले पत्ते उचला. याने आपल्याही खुणा झाकल्या जातात.

तिसरी पायरी: पत्त्यांचा हिशेब आधी, माणूस नंतर

आता तो हात. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या बेट, १० आणि २०. माझ्याकडे बदामाचा एक्का आणि किलवरचा गुलाम. मी ६० चा रेज केला, डोंबिवलीकरांनी मोठ्या ब्लाइंडवरून कॉल केला, छोटा ब्लाइंड फेकला गेला. पॉट १३०.

फ्लॉप आला इस्पिकचा गुलाम, इस्पिकची अठ्ठी, चौकटची चव्वी. त्यांनी चेक केलं, मी ८० लावले, त्यांनी कॉल केलं. पॉट २९०. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदामाची दुर्री. पुन्हा चेक, मी १८०, कॉल. पॉट ६५०. रिव्हरला किलवरचा राजा आला आणि त्यांनी स्वतःहून ६५० लावले.

मला ६५० घालून १,३०० जिंकायचे होते. म्हणजे दर तीन वेळांपैकी एकदा मी जिंकलो तर बरोबरी. लागणारा आकडा ३३ टक्के आणि थोडं वर.

चेहऱ्याकडे बघण्याआधी इथे एक काम करायचं असतं: या माणसाने याच मार्गाने इथवर आणले असतील असे हात मोजायचे. मला हरवणारे पाहू. राजा-गुलामाच्या ६ जोड्या शिल्लक होत्या, कारण एक गुलाम माझ्याकडे आणि एक टेबलावर, तर एक राजा टेबलावर. तीन अठ्ठ्यांच्या ३ जोड्या, तीन चव्व्यांच्या ३, कारण हे गृहस्थ मोठा हातही नुसता कॉल करत आणतात. शिवाय इस्पिकच्या राजाबरोबर इस्पिकची राणी, दश्शी किंवा नव्वी, म्हणजे फ्लशच्या आशेने आलेले आणि राजा जुळलेले ३ हात. एकूण १५. आता ब्लफ. फ्लश न लागलेले इस्पिक आणि स्ट्रेट न लागलेल्या दश्शी-नव्वी अशा जोड्या कागदावर बऱ्याच निघतात. पण त्यांचा स्वभाव पाहता, हुकलेल्या हाताने पॉटएवढी बेट ते फार थोड्या वेळा लावतात. मी ५ धरल्या.

पंधरा खरे, पाच ब्लफ. माझा जिंकायचा हिस्सा वीसपैकी पाच, म्हणजे २५ टक्के. ३३ ला पोचत नाही. डोंबिवलीकरांकडे न बघता निर्णय फोल्ड आहे. मात्र तो सीमेच्या जवळचा फोल्ड आहे, आणि टेलला जागा असते ती अशाच ठिकाणी.

समजा माझ्या हिशेबात ब्लफ १० टक्केच निघाले असते. मग ब्लफमध्ये दीडपट जास्त दिसणारी खूण दिसूनही शक्यता १४ टक्क्यांच्या आसपासच जाते. तिथे कॉल करणं म्हणजे सरासरी ३७० चिप्स फेकून देणं. समोरच्याच्या कपाळावर घाम असो वा नसो, पत्त्यांचा हिशेब लांब असेल तर त्याच्याकडे बघूही नका. टेलमुळे होणारं सर्वांत मोठं नुकसान याच चुकीतून होतं: आधीच ठरलेल्या फोल्डला कॉल करायचं निमित्त शोधणं.

चौथी पायरी: खुणेला वजन द्या, पण नोंद किती तोकडी आहे ते लक्षात ठेवून

माझ्याकडे एक छोटी वही आहे. डोंबिवलीकरांच्या नावाखाली सहा महिन्यांत रिव्हरवरच्या मोठ्या बेटचे ११ हात होते ज्यात शेवटी पत्ते दिसले. त्यातले ४ ब्लफ, ७ खरे. चार ब्लफपैकी तीन वेळा ते बेटनंतर गप्प होते. सात खऱ्या हातांपैकीही तीन वेळा गप्प होते.

म्हणजे ब्लफ असताना ७५ टक्के वेळा गप्प, खरा हात असताना सुमारे ४३ टक्के वेळा गप्प. एकाला दुसऱ्याने भागलं की १.७५. गप्प बसणं ब्लफच्या बाजूला पावणेदोन पट झुकतं, असा त्याचा अर्थ. आता आधीच्या हिशेबात हे मिसळू. ब्लफ आणि खरे हात यांचं प्रमाण होतं ५ ला १५. पाचला १.७५ ने गुणलं तर ८.७५ ला १५. हिस्सा झाला जवळजवळ ३७ टक्के. सीमा ३३ ची. कॉल!

इथे बहुतेक जण कॉल करतील. मी दोन गोष्टींमुळे थांबलो.

पहिली म्हणजे, त्या चार ब्लफपैकी फक्त एका वेळी जरी ते गप्प न राहता चहाला "हो" म्हणाले असते, तर आकडा तीनऐवजी दोन झाला असता. मग ५० टक्क्यांना ४३ ने भागायचं, गुणक साधारण १.१७, आणि हिस्सा २८ टक्के. निर्णय उलटा. सहा महिन्यांच्या नोंदीतल्या एका हातावर ज्याची दिशा फिरते, तो पुरावा कच्चा आहे. म्हणून मी एक साधा नियम ठेवला आहे. एखाद्या खुणेची वीसहून कमी उदाहरणं असतील तर तिचा गुणक निम्म्याहून जास्त एककडे ओढायचा. १.७५ चा मी १.३ धरतो. ५ गुणिले १.३ म्हणजे ६.५ ला १५, हिस्सा ३० टक्के. फोल्ड. हा १.३ कुठल्या सूत्रातून आलेला नाही, ते माझं सावधपणाचं माप आहे. तुमचं थोडं वेगळं असू शकतं, पण ओढण्याची दिशा हीच हवी.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. माझ्या वहीत फक्त तेच हात आहेत ज्यात पत्ते दिसले. पत्ते कधी दिसतात? कुणी कॉल केला तर. डोंबिवलीकर ब्लफ करताना मोकळेपणाने बोलत असतील आणि समोरचा विश्वास ठेवून फेकत असेल, तर ते ब्लफ माझ्या वहीत कधीच येणार नाहीत. "गप्प म्हणजे ब्लफ" असं टेबलावर सगळ्यांनाच वाटत असेल, तर गप्प असतानाच त्यांना जास्त कॉल मिळतात आणि गप्प असतानाचेच ब्लफ उघडे पडतात. मग वही आपोआप तीच समजूत पक्की करत राहते. आपल्या आठवणीत तर हा दोष आणखी वाढतो, कारण बरोबर निघालेला अंदाज आपण वर्षभर सांगतो आणि चुकलेला दुसऱ्या दिवशी विसरतो.

यावर पूर्ण इलाज नाही, थोडा आहे. वहीत प्रत्येक मोठ्या बेटची ओळ लिहा, पत्ते दिसले नाहीत तरी. रकाने चारच: बेटचा आकार, खूण दिसली का, पत्ते दिसले का, काय निघालं. खूण मात्र पत्ते उघडण्याच्या आधी मनात पक्की करा. पत्ते दिसल्यावर "मला वाटलंच होतं, तो गप्प होता" असं लिहिलेली ओळ खोटी असते. आणि "पत्ते दिसले नाहीत" अशा ओळी दिसलेल्यांपेक्षा जास्त झाल्या असतील, तर गुणक अजून एककडे ओढा.

आता मिळकत पाहा. १.७५ खरं असतं आणि मी कॉल केला असता तर सरासरी फायदा ६८ चिप्सच्या आसपास. १.३ खरं असताना कॉल केला असता तर तोटा ६० च्या आसपास. म्हणजे ६५० च्या बेटवर दोन्हीकडे दहावा हिस्सा. टेलने केलेला चांगल्यात चांगला निर्णयही इतकाच देतो.

नाटक करणारे, आणि आपणच

टेबलावर कुणी आपल्याकडे लक्ष देतंय हे अनुभवी माणसाला कळलं की तो खुणा पेरतो. खांदे पाडून सुस्कारा टाकत मोठी बेट लावणं ही सर्वांत जुनी युक्ती. साधारणपणे, जी हालचाल तुम्हाला दिसावी म्हणून केल्यासारखी वाटते, ती जे सांगते त्याच्या उलट धरा. आणि जी हालचाल त्याला स्वतःलाही माहीत नाही, ती जास्त गांभीर्याने घ्या. पण समोरचा तुमच्याइतकाच विचार करणारा असेल तर उलट-सुलटच्या त्या खेळात न शिरता गुणक सरळ एक धरा आणि पत्ते खेळा.

स्वतःपुरतं एकच करा. प्रत्येक बेट एकाच लयीत लावा: मनात पाच मोजा, चिप्स एकदाच पुढे सरकवा, मग नजर टेबलावरच्या एकाच ठिकाणी ठेवा. तुम्ही सहसा बोलत असाल तर ब्लफ करतानाही कुणी चहा विचारला तर उत्तर द्या.

त्या रात्री मी फेकलं. डोंबिवलीकरांनी पत्ते न दाखवता गड्डीत सरकवले, आतल्या बाजूला वळून म्हणाले, "काकू, अर्धा कप, साखर कमी." मी कोपऱ्यात वही काढली आणि लिहिलं: बेट ६५०, पॉटएवढी. गप्प: हो. पत्ते दिसले: नाही. शेवटचा रकाना रिकामा.